कल्हई, जस्ताचा पत्रा व विद्युद्दाबांचा तक्ता



आंबट ताक बिनकल्हईच्या तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यांत रात्रभर राहिलें तर तें कळकतें, ही गोष्ट कोंकणांतील जुन्या गृहिणींस पूर्ण ठाऊक आहे. अशा ताकास एक प्रकारची कडवट, कषाय चव येते, भांड्याच्या कडेस हिरवट कळंक दिसतो, आणि तें पोटांत गेल्यास मळमळ व वांति होते. हें टाळण्यासाठीं भांड्यांस आंतून कथिलाची कल्हई देण्याची चाल पडली. गंमत अशी कीं, घासून घासून कल्हई एखाद्या ठिकाणीं उडाली, तरी उरलेलें कथील तेथील उघड्या तांब्याचें कांहीं काळ रक्षण करितें.

आतां दुसरी गोष्ट पाहा. हेंच कथील लोखंडी पत्र्यावर चढवून डबे करितात. अशा डब्यावर ओरखडा उठून आंतील लोखंड उघडें पडलें, कीं पावसाळ्यांत तें ठिकाण साध्या लोखंडापेक्षांहि लवकर गंजतें. उलट, आमच्या नावड्यास किंवा आसपासच्या कोणत्याहि गांवीं छपरावर जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा पाहा. त्याची कड कापलेली असते, त्यावर ओरखडे असतात, खाडीकडून खारा वारा येतो आणि चार महिने पाऊस कोसळतो. तरी त्या उघड्या कडेवर पुष्कळ दिवस तांबेरा चढत नाहीं.

मग कथील हें रक्षक कीं भक्षक? तांब्याशीं तें एक प्रकारें वागतें आणि लोखंडाशीं दुसऱ्या प्रकारें, याचें कारण काय? या प्रश्नाचें उत्तर आठ आंकड्यांच्या एका लहानशा तक्त्यांत सांपडतें. तो तक्ता कसा तयार होतो, कसा वाचावा आणि कोठें तो आपणांस फसवूं शकतो, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

१. विद्युद्घट

सन 1836 मध्यें लंडन येथील प्राध्यापक डॅनियल यांनीं जो विद्युद्घट बनविला, तो शाळेच्या प्रयोगशाळेंत सहज करितां येतो. एका पेल्यांत जस्ताच्या सल्फेटचा द्राव घेऊन त्यांत जस्ताची स्वच्छ घासलेली पट्टी उभी करावी. दुसऱ्या पेल्यांत मोरचुदाचा, म्हणजे तांब्याच्या सल्फेटचा, द्राव घेऊन त्यांत तांब्याची पट्टी ठेवावी. दोन्ही द्राव दर लिटरास एक मोल या प्रमाणाचे असावे. सोऱ्याच्या द्रावांत भिजविलेली गाळण-कागदाची पट्टी घेऊन तिचें एक टोंक एका पेल्यांत व दुसरें दुसऱ्या पेल्यांत बुडवावें. नंतर दोन्ही धातूंच्या पट्ट्या तारांनीं व्होल्टमापकास जोडाव्या. कांटा 1.1 व्होल्टच्या जवळपास स्थिर होतो.

या घटांत दोन निरनिराळीं कार्यें चाललेलीं असतात. जस्ताचा प्रत्येक अणु दोन इलेक्ट्रॉन मागें टाकून आयनाच्या रूपानें द्रावांत उतरतो:

Zn → Zn²⁺ + 2e⁻

ते इलेक्ट्रॉन तारेंतून तांब्याच्या पट्टीकडे जातात, आणि तेथें मोरचुदांतील तांब्याचे आयन ते घेऊन धातुरूप होतात:

Cu²⁺ + 2e⁻ → Cu

जस्त हें इलेक्ट्रॉन देणारें अग्र व तांबें हें घेणारें अग्र. जस्ताची पट्टी हळूहळू झिजते, तांब्याच्या पट्टीवर नवें लालसर तांबें बसतें आणि मोरचुदाचा निळा रंग फिका होत जातो. कागदी पट्टीचें काम एवढेंच कीं, दोन्ही द्राव परस्परांत न मिसळतां त्यांतील विद्युद्भार समतोल राखावा. ती वाळली कीं प्रवाह थांबतो, व कांटा शून्याकडे येतो. पुष्कळ वेळां प्रयोग बिघडण्याचें कारण एवढेंच असतें. व्होल्टमापक जर पुष्कळ प्रवाह ओढणारा असेल तर आंकडा 1.1 पेक्षां बराच कमी दिसतो. त्यावरून घट वाईट आहे असें न समजतां अधिक रोधाचें मापक जोडून पाहावें. खरा दाब हा प्रवाह जवळ जवळ वाहत नसतांनाच मोजला जातो.

हीच जस्ताची पट्टी सरळ मोरचुदाच्या द्रावांत बुडविली, तर तेंच कार्य तारेवांचून घडतें; जस्तावर तांब्याचा तपकिरी लेप बसतो व द्राव कोमट होतो. विद्युद्घटाची युक्ति इतकीच कीं, देणारा व घेणारा यांस दूर ठेवून देवघेव तारेंतून करावयास लाविलें. आणि तारेंतून होणारी देवघेव मोजतां येते, हाच मोठा लाभ.

२. तक्ता कसा तयार होतो

एकट्या पट्टीचा दाब मोजणें शक्य नाहीं. व्होल्टमापकास दोन टोंकें असतात, व तो नेहमीं दोहोंतील अंतर सांगतो. डोंगराची उंची सांगतांना आपण समुद्रसपाटीस शून्य धरितों. तसेंच येथें हायड्रोजनच्या अग्रास शून्य धरिलें आहे. एक मोल प्रमाणाच्या आम्लांत प्लॅटिनमची पट्टी ठेवून तिच्याभोंवतीं एका वातावरणाइतक्या दाबाचा हायड्रोजन बुडबुडत ठेवला म्हणजे तें अग्र तयार होतें. प्रत्येक धातु तिच्या एक मोल प्रमाणाच्या आयनद्रावांत ठेवून, 25 अंश उष्णमानावर, या अग्राशीं जोडितात. जो दाब मिळतो त्यास त्या धातूचा प्रमाण विद्युद्दाब म्हणतात. आपल्यास लागणारे आंकडे व्होल्टमध्यें असे आहेत:

चांदी +0.80
तांबें +0.34
हायड्रोजन 0.00
शिसें −0.13
कथील −0.14
लोखंड −0.44
जस्त −0.76
ॲल्युमिनियम −1.66

हे सर्व आंकडे इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ दाखवितात. वरच्या पदार्थाचे आयन इलेक्ट्रॉनांस अधिक ओढतात; खालची धातु ते अधिक सहज सोडते. कोणत्याहि दोन ओळी घेतल्या तर खालची धातु झिजणार व वरचा आयन धातुरूप होणार. पाणी जसें उंचावरून सखल जागीं आपण होऊन जातें, तशीच ही दिशा ठरलेली असते.

घटाचा दाब काढण्याची रीति सोपी आहे: घेणाऱ्या अग्राच्या आंकड्यांतून देणाऱ्या अग्राचा आंकडा वजा करावा. डॅनियलच्या घटासाठीं 0.34 वजा (−0.76), म्हणजे 1.10 व्होल्ट. प्रयोगांतील कांटा हेंच सांगत होता.

येथें एक चूक परीक्षेंत वारंवार आढळते, ती सांगून ठेवितों. तांब्याची तार चांदीच्या नायट्रेटच्या द्रावांत ठेविली तर तांब्याच्या एका अणूमागें चांदीचे दोन आयन धातुरूप होतात. म्हणून कांहीं विद्यार्थी 0.80 ची दुप्पट करून 1.60 घेतात. हें चुकीचें आहे. दाब हा उंचीसारखा आहे. एक घागर पाणी सोडलें काय किंवा दोन सोडल्या काय, कड्याची उंची तीच राहते. बरोबर उत्तर 0.80 वजा 0.34, म्हणजे 0.46 व्होल्ट. दुप्पट होतें तें काम, दाब नव्हे.

३. चिन्हावरून दिशा कशी कळते

घट जें अधिकांत अधिक विद्युत्कार्य करूं शकतो, तें दाब व वाहिलेला विद्युद्भार यांच्या गुणाकाराइतकें असतें. एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार सुमारें 96,500 कूलंब असतो. यास फॅरडेचा स्थिरांक म्हणतात. घटांतील मुक्त ऊर्जेंत होणारा बदल पुढील सूत्रानें मिळतो:

ΔG = −nFE

येथें n म्हणजे देवघेव झालेल्या इलेक्ट्रॉनांची मोलसंख्या, F हा वरील स्थिरांक आणि E हा घटाचा दाब. डॅनियलच्या घटांत n हा 2 आहे. म्हणून 2 × 96,500 × 1.10, म्हणजे सुमारें 2,12,000 जूल इतकी मुक्त ऊर्जा कमी होते. जें कार्य घडल्यानें मुक्त ऊर्जा कमी होते तेंच आपोआप घडूं शकतें. सूत्रांतील ऋण चिन्हामुळें नियम असा निघतो कीं, E धन आला तर कार्य आपोआप घडण्याजोगें आहे, ऋण आला तर तें उलट दिशेनें घडण्याजोगें आहे, आणि शून्य आला तर घट मेला, म्हणजे दोन्ही बाजू समतोल झाल्या.

४. ताक कां कळकतें

आतां हा नियम ताकास लावूं. ताकांत लॅक्टिक आम्ल असतें, म्हणजे हायड्रोजनचे आयन असतात. आम्लांत जस्त टाकलें कीं हायड्रोजनचे बुडबुडे येतात, हें तुम्हीं पाहिलें आहे. तसेंच तांबेंहि आम्लांत विरघळत असेल, असा सहज तर्क होतो. तक्ता काय म्हणतो? घेणारा हायड्रोजन, आंकडा 0.00, देणारें तांबें, आंकडा +0.34. वजाबाकी −0.34. आंकडा ऋण आला. म्हणजे तांबें आम्लांतून हायड्रोजन बाहेर काढीत नाहीं. तांब्याच्या पट्टीवर पातळ गंधकाम्ल ओतून पाहा. एकहि बुडबुडा येत नाहीं.

कोणी म्हणेल, हे आंकडे एक मोल प्रमाणाच्या द्रावांचे आहेत. ताकांत इतकें आम्ल कोठें, व इतकें तांबें तरी कोठें? शंका योग्य आहे. तिचें निरसन जर्मन शास्त्रज्ञ नेर्न्स्ट यांनीं 1889 मध्यें दिलेल्या समीकरणानें होतें. त्याचा आपल्यास हवा तेवढा भाग असा: दोन इलेक्ट्रॉन घेणाऱ्या आयनाचें प्रमाण दहापट कमी झालें कीं त्याचा दाब सुमारें 0.03 व्होल्टनें खालीं येतो. एक इलेक्ट्रॉन घेणाऱ्याचा सुमारें 0.06 व्होल्टनें. समजा, ताकाचा सामु, म्हणजे पी.एच., 4 आहे. हायड्रोजनचे आयन दहा हजार पट कमी झाले. मग हायड्रोजनचा दाब 4 × 0.06, म्हणजे −0.24 वर येतो. तांब्याचे आयन लिटरास एका मोलाचा दशलक्षांश इतकेच उतरले असें धरूं. त्याचा दाब 6 × 0.03 इतका उतरून 0.16 होतो. आतां वजाबाकी −0.24 वजा 0.16, म्हणजे −0.40. उत्तर अद्यापि ऋणच. केवळ आम्लामुळें तांबें विरघळत नाहीं, हा निर्णय पक्का झाला.

तरी ताक कळकतें हेंहि खरें. तेव्हां इलेक्ट्रॉन घेणारा दुसरा कोणी असला पाहिजे. तो म्हणजे हवेंतून ताकांत विरघळलेला प्राणवायु. आम्लाच्या सान्निध्यांत तो इलेक्ट्रॉन घेऊन पाण्यांत रूपांतर पावतो:

O₂ + 4H⁺ + 4e⁻ → 2H₂O

याचा प्रमाण विद्युद्दाब +1.23 व्होल्ट आहे, म्हणजे चांदीच्याहि पुष्कळ वर. सामु 4 असतांना तो 0.24 नें उतरतो; हवेंत प्राणवायु पंचमांशच असल्यामुळें आणखी सुमारें 0.01 वजा होतो. उरला 0.98. त्यांतून तांब्याचे 0.16 वजा केले तर +0.82 व्होल्ट येतात. आंकडा धन, आणि मोठाहि. कार्य आपोआप घडणार.

आणखी एक गोष्ट या आंकड्यांतून निघते. तांबें जसजसें विरघळेल तसतसा त्याचा दाब वाढून कार्य आपण होऊन थांबेल काय? पिण्याच्या पाण्यांत तांब्याची मर्यादा लिटरास 2 मिलिग्रॅम अशी जागतिक आरोग्य संघटनेनें मार्गदर्शनार्थ सांगितली आहे. त्या मर्यादेस पोंचल्यावर तांब्याचा दाब सुमारें 0.21 होतो, आणि घटाचा दाब तरी 0.77 व्होल्ट राहतोच. प्रमाण एक मोलापर्यंत, म्हणजे लिटरास तांब्याच्या 64 ग्रॅमपर्यंत गेलें, असें मानलें तरी 0.98 वजा 0.34, म्हणजे 0.64 व्होल्ट शिल्लक आहेत. अर्थात् या कार्यास आंतून लगाम असा नाहीं. तें किती घडेल हें फक्त वेळेवर व प्राणवायूच्या पुरवठ्यावर अवलंबून आहे. म्हणून तांब्याच्या भांड्यांत ताक घुसळून लगेच काढून घेतलें तर विशेष बाधत नाहीं, पण रात्रभर राहिलें तर घातक होतें.

हें पडताळून पाहण्याचा प्रयोग घरगुती आहे. पांढरा शिर्का दहा मिनिटें उकळून त्यांतील हवा घालवावी व थंड होतांच एका बाटलींत कांठोकांठ भरून, त्यांत तांब्याची पट्टी पूर्ण बुडवून, घट्ट बूच बसवावें. दुसऱ्या बाटलींत न उकळलेला शिर्का अर्धाच भरावा, पट्टी अर्धी बाहेर ठेवावी व तोंड उघडें सोडावें. कांहीं दिवसांनीं उघड्या बाटलींतील द्राव निळसर-हिरवा दिसतो, आणि पट्टी जेथें हवा व द्राव यांच्या सीमेवर असते तेथें ती सर्वांत अधिक खाल्लेली आढळते. बंद बाटलींतील द्राव जवळ जवळ बिनरंगी राहतो. रंग फिकट असल्यास थोडा अमोनिया घालावा. तांबें असेल तर गडद निळा रंग उमटतो. कळंकसुद्धां भांड्याच्या कडेसच कां दिसतो, याचा उलगडा येथें होतो. हे द्राव अर्थात् चाखूं नयेत.

चिंचेनें तांब्याचीं भांडीं लख्ख होतात, त्याचें काय, असें कोणी विचारील. तेथें चिंचेचें आम्ल तांब्यास विरघळवीत नसून तांब्यावरील काळसर ऑक्साइडास विरघळवितें. ऑक्साइडांतील तांब्यानें आपले इलेक्ट्रॉन पूर्वींच देऊन टाकलेले असतात. म्हणून त्या कार्यांत इलेक्ट्रॉनांची देवघेव मुळींच नाहीं, आणि हा तक्ता तेथें लागूच पडत नाहीं.

५. कल्हईचें रहस्य

कल्हईवाला भांडें घासून भट्टीवर तापवितो, त्यावर नवसागराची पूड टाकतो, कथिलाची कांडी फिरवितो आणि कापसाच्या बोळ्यानें वितळलेलें कथील सर्वत्र पसरवितो. कथील 232 अंशांवर वितळतें, म्हणून साधी कोळशाची भट्टी पुरते. नवसागर तापला कीं त्यांतून निघणारें हायड्रोक्लोरिक आम्ल तांब्यावरील ऑक्साइड खरवडून काढतें व कथील उघड्या धातूस घट्ट चिकटतें. नवसागर कमी पडला तर तेथें कथील धरत नाहीं, व काळे ठिपके राहतात. चांगल्या कल्हईची हीच पहिली पारख.

आतां एका जागीं कल्हई उडाली असें समजा. ताकाखालीं तांबें व कथील दोन्ही एकमेकांस चिकटून आहेत. मध्यें तारेची गरज नाहीं. धातु धातूस लागलेली आहे, हीच तार. ताक हाच द्राव. हा एक पूर्ण विद्युद्घट झाला. तांब्याचा आंकडा +0.34, कथिलाचा −0.14, फरक 0.48 व्होल्ट, आणि देणारें अग्र कथील. प्राणवायूस हवे असलेले इलेक्ट्रॉन आतां कथील पुरवितें. तांब्यावर इलेक्ट्रॉनांचा लोट येत असल्यामुळें तें आयनरूपानें बाहेर पडूं शकत नाहीं. कथील झिजतें, तांबें वांचतें.

परंतु या रक्षणासहि सीमा आहे. कथील संपत जातें, उघडा भाग मोठा झाला कीं दूरच्या ठिकाणापर्यंत प्रवाह पोंचत नाहीं, व मग ताक पुनः कळकूं लागतें. म्हणून भांड्याच्या तळाशीं तांबूस पट्टे स्पष्ट दिसूं लागले म्हणजे कल्हई पुनः करावी.

येथें एक धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. कथील महाग व शिसें स्वस्त, म्हणून कल्हईंत शिसें मिसळण्याचा मोह होतो. तक्ता पाहा: कथील −0.14 व शिसें −0.13. दोहोंत एका शतांशाचा फरक. म्हणजे शिसें मिसळलेली कल्हईहि तांब्याचें तसेंच रक्षण करील, ताक कळकणार नाहीं, आणि कोणास संशयहि येणार नाहीं. मात्र शिसें अन्नांत उतरून शरीरांत सांचत जाईल. भांडें सुरक्षित आहे यावरून माणूस सुरक्षित आहे असें ठरत नाहीं. पारख करावयाची तर खरवडलेली धातु शिक्षकांच्या देखरेखीखालीं उष्ण नत्राम्लांत टाकावी. कथिलाची न विरघळणारी पांढरी पूड होते. शिसें द्रावांत उतरतें. द्राव गाळून व पाण्यानें पातळ करून त्यांत पोटॅशियम आयोडाइड घातलें असतां पिवळा साका बसला तर शिसें आहे असें समजावें.

६. लोखंडावर कथील, लोखंडावर जस्त

तीच रीति आतां डब्यास लावूं. लोखंड −0.44, कथील −0.14. या जोडींत खालची धातु लोखंड आहे. ओरखडा उठला कीं देणारें अग्र लोखंड होतें, व भोंवतालचा कथिलाचा मोठा पृष्ठभाग प्राणवायूस इलेक्ट्रॉन पोंचविण्याचें काम करितो. मोठा पृष्ठभाग मागणी करणारा, व पुरवठा करणारा बिंदु मात्र सुईच्या टोंकाएवढा; त्यामुळें झीज त्या बिंदूवर एकवटते व पत्र्यास भोंक पडतें. कथील अखंड आहे तोंवर तें उत्तम पांघरूण आहे; फाटलें कीं तेंच शत्रु होतें.

जस्ताचें उलट आहे. जस्त −0.76, लोखंड −0.44, फरक 0.32 व्होल्ट, व देणारें जस्त. नावड्याच्या छपरावरील पत्र्याची कापलेली कड पावसानें ओली झाली कीं जस्त झिजतें व लोखंड सुरक्षित राहतें. किती झिजतें, याचा हिशेब करतां येतो. एखाद्या उघड्या जागेच्या रक्षणासाठीं एक सहस्रांश अँपिअर प्रवाह वर्षभर अखंड वाहिला असें धरूं. वर्षाचे सेकंद सुमारें 3,15,36,000. म्हणून विद्युद्भार 31,536 कूलंब. जस्ताच्या एका मोलास, म्हणजे 65.4 ग्रॅमांस, 2 × 96,500 म्हणजे 1,93,000 कूलंब लागतात. त्रैराशिकानें वर्षाकांठीं सुमारें 10.7 ग्रॅम जस्त खर्च होतें. पत्र्याच्या मुलाम्यांत इतकें जस्त नसतें असें नाहीं, पण तें त्या जागेजवळ असावें लागतें. पावसाच्या पातळ थरांतून प्रवाह फार दूर जाऊं शकत नाहीं. म्हणून हें रक्षण कडेपासून थोड्या मिलिमीटरपर्यंतच पोंचतें. खारें पाणी प्रवाह अधिक सहज नेतें, त्यामुळें रक्षण दूरवर पोंचतें खरें, परंतु जस्तहि लवकर सरतें.

यावरूनच एक व्यवहाराचा नियम निघतो. जस्ती पत्र्यास तांब्याचा किंवा पितळेचा स्क्रू मारूं नये. जस्त व तांबें एकत्र आलीं कीं तो 1.10 व्होल्टचा डॅनियलचाच घट झाला. स्क्रूभोंवतालचें जस्त झपाट्यानें सरेल, आणि तें संपल्यावर पाळी लोखंडाची.

७. तक्ता जें सांगत नाहीं

या तक्त्यावर आंधळा विश्वास ठेवणारासहि फसावें लागतें. त्याचीं दोन उदाहरणें देतों.

पहिलें ॲल्युमिनियमचें. त्याचा आंकडा −1.66, जस्ताच्याहि खालीं. तक्त्याप्रमाणें ॲल्युमिनियमचें पातेलें पाण्यांतच विरघळून जावयास पाहिजे. तें तसें होत नाहीं, कारण हवा लागतांच त्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ पण घट्ट पापुद्रा बसतो व धातु पाण्यास भेटतच नाहीं. दाब फक्त दिशा सांगतो; वेग सांगत नाहीं. ऋण आंकडा म्हणजे निश्चित नकार आहे, परंतु धन आंकडा म्हणजे केवळ परवानगी आहे.

दुसरें उदाहरण फळांच्या हवाबंद डब्याचें. वर सांगितल्याप्रमाणें ओरखडा असलेल्या डब्याच्या आंत लोखंड झिजावयास हवें. प्रत्यक्षांत बंद डब्याच्या आंत बहुधा कथीलच झिजतें व लोखंडाचें रक्षण करितें. कारण फळांतील सायट्रिकसारखीं आम्लें कथिलाच्या आयनांस घट्ट धरून ठेवितात. मोकळे आयन इतके विरळ होतात कीं, नेर्न्स्टच्या नियमानें कथिलाचा दाब उतरत उतरत लोखंडाच्याहि खालीं जातो, व दोहोंच्या भूमिका पालटतात. तक्त्यांतील आंकडा एक मोल मोकळ्या आयनांचा आहे, हें विसरलें तर येथें भाकित चुकतें. डबा फोडल्यावर प्राणवायु आंत शिरतो व झीज पुष्कळच वाढते. म्हणून उरलेलें फळ डब्यांत न ठेवतां कांचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यांत काढून ठेवावें.

तेव्हां कोणतेंहि असें उदाहरण पुढें आलें कीं चार प्रश्न या क्रमानें विचारावे. इलेक्ट्रॉन देणारा कोण? घेणारा कोण, आणि त्यांत प्राणवायूस विसरलों तर नाहीं ना? घेणाऱ्यांतून देणारा वजा केला तर चिन्ह कोणतें येतें? आणि शेवटीं, द्रावाचें प्रमाण किंवा धातूवरील पापुद्रा हें उत्तर बदलूं शकेल काय?

स्वाध्याय

(१) लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावांत ठेविला तर काय होईल, व तो घट किती व्होल्टचा?
(२) चांदीच्या वाटींत ताक कळकत नाहीं. सामु 4 व चांदीचे आयन लिटरास मोलाचा दशलक्षांश धरून प्राणवायूसह दाब काढा, आणि आलेल्या उत्तरावर विचार करा.
(३) लोखंडी पत्र्यास शिशाचा मुलामा दिला तर ओरखड्याच्या जागीं कोणती धातु झिजेल?

उत्तरें: (१) खिळ्यावर तांबें बसेल, 0.34 वजा (−0.44), म्हणजे 0.78 व्होल्ट. (२) चांदीचा आयन एकच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून 0.80 वजा 0.36, म्हणजे 0.44, घटाचा दाब 0.98 वजा 0.44, म्हणजे +0.54 व्होल्ट. चिन्ह धन आहे, म्हणजे परवानगी आहे. तरी चांदीवर प्राणवायु इतक्या मंद गतीनें कार्य करितो कीं रात्रभरांत कांहीं जाणवत नाहीं. (३) लोखंड, कारण −0.44 हा आंकडा −0.13 च्या खालीं आहे.